क्लॉक चढल्यापासून Q बदलेपर्यंत

फ्लिप-फ्लॉपच्या डेटाशीटमध्ये ‘क्लॉक टू क्यू’ नावाचा एक आकडा असतो. तो आपण टायमिंगच्या गणितात टाकतो आणि पुढे जातो. आज त्या आकड्याच्या आत शिरायचं आहे. क्लॉक चढलं आणि Q बदलला, या दोन घटनांच्या मध्ये नेमका कोणता ट्रान्झिस्टर कोणाची वाट पाहत होता, एवढाच प्रश्न.

आधी एक गैरसमज दूर करू. या वेळात डेटा संपूर्ण फ्लिप-फ्लॉपमधून धावत असतो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. चढत्या एजवर चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपमध्ये दोन लॅच एकामागे एक असतात. क्लॉक खाली असताना पहिला उघडा असतो, त्यामुळे D ची किंमत त्यातून आत येते, त्याच्या इन्व्हर्टरमधून उलटी होते आणि दुसऱ्या लॅचच्या बंद दारापाशी येऊन थांबते. सेटअपचा वेळ पाळला असेल, तर क्लॉक चढण्याआधीच हे सगळं उरकलेलं असतं. म्हणजे क्लॉक टू क्यू हा खरं तर फक्त दुसऱ्या लॅचचं दार उघडण्याचा आणि त्यापुढचा वेळ आहे.

ते दार म्हणजे ट्रान्समिशन गेट: एक एनमॉस आणि एक पीमॉस, समांतर जोडलेले. नेटलिस्टमध्ये ते असं दिसतं:

```
Mn1 mb c  s 0   nch
Mp1 mb cb s vdd pch
```

`mb` हा पहिल्या लॅचचा आउटपुट, जिथे डेटा थांबलेला आहे. `s` हा दुसऱ्या लॅचचा साठवणीचा नोड. `s` पुढे एका इन्व्हर्टरमधून Q बनतो, म्हणून `s` खाली आला की Q वर जातो. हे उलटं नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन ट्रान्झिस्टर का लागतात? एकटा एनमॉस 0 छान पोहोचवतो, पण 1 पोहोचवताना पुरवठ्याच्या एक थ्रेशोल्ड खालीच अडकतो. पीमॉसचं बरोबर उलट: 1 उत्तम, 0 अर्धवट. दोघं मिळून दोन्ही किमती पूर्ण पोहोचवतात. पाठ्यपुस्तक बहुधा इथेच थांबतं आणि चित्रात दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच क्षणी चालू होतात. सिलिकॉनमध्ये मात्र ते एकाच क्षणी चालू होत नाहीत.

सेलच्या क्लॉक पिनवर एकच सिग्नल येतो. आत एक छोटा इन्व्हर्टर त्यापासून `cb` तयार करतो आणि दुसरा इन्व्हर्टर `cb` पासून `c`. पिन चढली की आधी `cb` पडतो आणि एका इन्व्हर्टरच्या विलंबानंतर `c` चढतो. म्हणजे आधी पीमॉस चालू होतो, एनमॉस मागून येतो.

समजा `s` वर 0 आहे आणि 1 व्हायचं आहे. `cb` पडताच पीमॉस चालू, आणि 1 पोहोचवणं हे त्याचंच काम. एनमॉसची वाट पाहावी लागत नाही. आता उलट घ्या: `s` वर 1 आहे आणि 0 व्हायचं आहे. पीमॉस सुरुवातीला `s` ला खाली ओढू लागतो, पण `s` जसजसा खाली येतो तसतसा त्याचा जोर ओसरतो. उरलेलं काम एनमॉस आल्यावरच होतं.

आणि गोष्ट एवढ्यावर संपत नाही. `s` ला जुनी किंमत धरून ठेवणारा फीडबॅकचा ट्राय-स्टेट इन्व्हर्टरही याच दोन सिग्नलवर चालतो. त्यातला खाली ओढणारा भाग `cb` वर, वर धरणारा भाग `c` वर. `cb` पडताच खाली ओढणारी बाजू सुटते, म्हणून 0 पासून 1 कडे जाताना कोणी विरोध करत नाही. पण 1 धरून ठेवणारी बाजू `c` चढेपर्यंत चालूच राहते. म्हणजे `s` ला खाली यायचं असतं, तेव्हा एनमॉस उशिरा येतो आणि फीडबॅकही उशिरा सुटतो. दोन्ही अडचणी एकाच दिशेच्या वाट्याला येतात! मला या सर्किटमधली ही सगळ्यात मजेदार गोष्ट वाटते.

आकडे घालून पाहू. हे हिशेबासाठी धरलेले आहेत, कुठल्याही विशिष्ट प्रक्रियेचे नाहीत. पिन चढल्यानंतर `cb` 10 पिकोसेकंदांनी पडतो, `c` 22 पिकोसेकंदांनी चढतो. `mb` चालवणाऱ्या इन्व्हर्टरचा रोध 4 किलोओहम, ट्रान्समिशन गेटचाही 4, आणि `s` वरची एकूण कपॅसिटन्स 2 फेम्टोफॅरड. अर्ध्या व्होल्टेजपर्यंत पोहोचायला 0.69 × 8 × 2, म्हणजे साधारण 11 पिकोसेकंद. आउटपुट इन्व्हर्टर 3 किलोओहमचा, त्याच्यावर 5 फेम्टोफॅरड लोड, म्हणजे आणखी 10.

Q खाली जाताना: 10, 11 आणि 10 मिळून 31. सुरुवातीला एकटा पीमॉस काम करतो, म्हणून दोन-तीन वाढवा. Q वर जाताना मोजणी `c` पासून: 22, 11 आणि 10 मिळून 43. पीमॉसच्या आधीच्या ओढण्याने यातले थोडे वाचतात, फीडबॅकच्या विरोधाने थोडे परत जातात. ढोबळमानाने एकीकडे 33, दुसरीकडे 43. दोन्हीमध्ये क्लॉकच्या इन्व्हर्टरांचा वाटा मोठा आहे. डेटाच्या वाटेकडे पाहत बसणाऱ्यांच्या हा वाटा नजरेतून सुटतो.

कुणीतरी विचारलं की लायब्ररीच्या टेबलमध्ये D च्या चढण्याचा वेग का नसतो. कारण आता उघड आहे: D चं काम आधीच संपलेलं असतं. टेबल क्लॉकच्या चढण्याच्या वेळावर आणि आउटपुट लोडवर असतं. लोडचा परिणाम सरळ आहे. वरच्या उदाहरणात 10 फेम्टोफॅरड वाढवले तर शेवटच्या इन्व्हर्टरमध्ये 20-21 पिकोसेकंद वाढतात, आतलं काहीही हलत नाही. क्लॉकचं तसं नाही. क्लॉक संथ चढलं की पहिला इन्व्हर्टर आळसावतो, `cb` चा उतार पसरट होतो, आणि पीमॉस व फीडबॅक दोघंही बराच वेळ अर्धवट चालू अवस्थेत राहतात.

सेटअपच्या काठावर मात्र D परत गणितात येतो. डेटा इतका उशिरा आला की `mb` अजून मधल्या व्होल्टेजवर असतानाच दार उघडलं, तर `s` ला ढकलणारा जोरच कमी असतो आणि क्लॉक टू क्यू लांबत जातो. म्हणून लायब्ररी बनवताना D हळूहळू एजजवळ सरकवतात आणि हा विलंब ठरावीक टक्क्यांनी, बहुधा 10 टक्क्यांनी, वाढला की तिथे सेटअपची रेघ मारतात. त्या रेघेपलीकडेही फ्लिप-फ्लॉप काही काळ बरोबर उत्तर देतो, फक्त उशिरा.

हे स्वतः पाहायचं असेल, तर स्पाइसमध्ये पिन, `cb`, `c`, `mb`, `s` आणि Q हे सगळे एकाच आलेखावर काढा. `mb` वर दार उघडताच एक खाच दिसेल. `s` वरचा जुना भार `mb` मध्ये ओतला जातो म्हणून ती पडते. `mb` वर 3 फेम्टोफॅरड 1 व्होल्टला आणि `s` वर 2 फेम्टोफॅरड 0 ला असतील, तर नुसत्या भारवाटपाने व्होल्टेज 0.6 पर्यंत आलं असतं. `mb` चा इन्व्हर्टर सतत भरपाई करतो म्हणून ते तितकं पडत नाही. तो इन्व्हर्टर फार बारीक केला, तर खाच खोल जाते आणि पहिल्या लॅचचा फीडबॅक तीच चुकीची किंमत खरी मानू शकतो. मग विलंब वाढण्याऐवजी डेटाच उलटतो. त्यामुळे जागा वाचवायला तो ट्रान्झिस्टर लहान करण्याआधी, सगळ्यात मंद कोपऱ्यात ही खाच किती खोल जाते ते पाहून घ्या.