मुलांसाठी बनवलाय, की मुलांना चालेल?

नमस्कार मंडळी. बऱ्याच जणांनी आपापले चॅनल सुरू केलेत, कुणी शेंगाचटणी दाखवतंय, कुणी किल्ले, आणि अपलोड करताना जो एक प्रश्न येतो ना, की हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का, तो आपण सगळे घाईघाईत टिक करून पुढं जातो. मी एडिटिंगचं काम करतो, रोज दोन-चार लोकांचं युट्यूब स्टुडिओ उघडून बघतो, म्हणून आज फक्त या एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. आणि एकाच व्हिडिओवरून सांगतो, म्हणजे डोक्यात नीट बसेल.

माझ्या एका मित्रानं आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर बावन्न मिनिटांचा व्हिडिओ केला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात दिलेली फाशी, सगळं त्यात आलं. जुनी कागदपत्रं, गिरणी कामगारांच्या घरच्या आठवणी, आणि शेवटी सात-आठ मिनिटं नाटकासारखा उभा केलेला फाशीचा प्रसंग. खूप मेहनत घेतली होती ओ त्यानं, दीड वर्ष.

अपलोड करताना त्याला वाटलं, शाळेतल्या पोरांनी हे बघावं म्हणूनच तर केलंय, मग त्यानं टिक केलं Yes, it's made for kids. चार-पाच दिवसांनी मला फोन, अरे कमेंटच येत नाहीत, लोक मला भेटून सांगतायत की खाली लिहायला जागाच दिसत नाही. जागा दिसणार कुठून, त्या एका टिकनं कमेंट बंद होतात. त्याच्या व्हिडिओचं खरं धन तर तिथंच येणार होतं, कारण आमचे आजोबा त्या मिलमध्ये होते, आमच्याकडं त्या काळचा फोटो आहे, असं लिहिणारी माणसं या शहरात अजून आहेत. ती सगळी मुकी झाली.

असं का होतं, तर त्याच्यामागं अमेरिकेतला कायदा आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांच्या परवानगीशिवाय ऑनलाइन गोळा करायची नाही, असा तो १९९८ चा कायदा, कोप्पा म्हणतात त्याला. २०१९ मध्ये त्यावरूनच गूगल आणि युट्यूबला १७ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली, आणि मग २०२० पासून जगभरातल्या प्रत्येक चॅनलवाल्याला हे सांगणं सक्तीचं झालं. म्हणजे आपण सोलापुरात बसून व्हिडिओ टाकला तरी हा प्रश्न आपल्याला येतोच. आणि हो म्हटलं की युट्यूब असं धरून चालतं की समोर बघणारा लहान मूल असू शकतो, मग त्याच्याकडून माहिती घेणारं किंवा त्याच्यावर नजर ठेवणारं सगळं बंद.

जाहिरातीचं पण तेच. जाहिराती पूर्ण थांबत नाहीत, हा गैरसमज काढून टाका. थांबते ती बघणाऱ्याच्या आवडीवरून, त्यानं आधी काय शोधलं काय बघितलं त्यावरून निवडलेली जाहिरात. उरते ती व्हिडिओच्या विषयावरून ठरणारी. आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मध्येमध्ये ब्रेक टाकता येतात, त्यानं टाकले होते, ते राहिलेच, पण अशा जाहिरातीला साधारणपणे दर कमी मिळतो आणि बावन्न मिनिटांच्या व्हिडिओत तो फरक चांगलाच कळतो.

पण त्याचं सगळ्यात मोठं नुकसान शिफारशीत झालं आणि ते त्याला दिसतच नव्हतं. मी त्याच्या स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडलं. नोटिफिकेशनमधून कोणी नाही, कारण असल्या व्हिडिओला घंटा वाजत नाही. एंड स्क्रीनमधून कोणी नाही, कारण एंड स्क्रीन आणि कार्ड दोन्ही चालत नाहीत, म्हणजे बावन्न मिनिटं बघून थांबलेल्या माणसाला त्याचा पुढचा भाग शेवटी समोर येतच नाही. आणि सजेस्टेडमध्ये बघितलं तर शेजारी कार्टून आणि बालगीतं! मुलांसाठीचा व्हिडिओ मुलांच्या व्हिडिओंबरोबर दाखवला जाण्याचीच शक्यता जास्त असते. गिरणीतल्या संपाचं बोलणं चार वर्षांच्या पोरासमोर येणार, ते तीस सेकंदात पुढं जाणार, आणि ज्याला बघायचंय तो पन्नाशीचा माणूस मात्र तिथं नाहीच.

मी त्याला म्हटलं, बाबा, मुलांसाठी बनवलेलं वेगळं आणि मुलांना चालणारं वेगळं. विषय, भाषा, पात्रं, गाणी, खेळणी हे सगळं लहानांनाच धरून केलंय का, ते बघायचं. तुझी भाची बडबडगीत म्हणते तो व्हिडिओ खरंच मुलांसाठी आहे, तिथं हो म्हणणंच प्रामाणिकपणाचं आहे, कमेंटच्या हव्यासापायी तिथं नाही म्हणू नको. पण हुतात्म्यांचा इतिहास सगळ्यांसाठी आहे, मुलं बघतील तर उत्तमच, पण तेवढ्यानं तो मुलांचा होत नाही.

मग त्यानं बदललं, आणि नेमकी दुसरी चूक झाली. कुणीतरी म्हटलं फाशीचा प्रसंग फार भयंकर आहे, म्हणून त्यानं खालचं वयाचं बंधन उघडलं आणि टिक केलं Yes, restrict my video to viewers over 18. बघा, आता कमेंट परत चालू, एंड स्क्रीन चालू, त्याला वाटलं झालं काम. दुसऱ्या आठवड्यात एका शाळेतून फोन, स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लागत नाही. लागणार कसा, बोर्डवर लॉगिनच नव्हतं. अठराच्या खालच्यांना आणि लॉगिन नसलेल्यांना असा व्हिडिओ चालतच नाही, आणि दुसऱ्या बहुतेक वेबसाइटवर लावला तर तिथं न चालता तो युट्यूबवर पाठवतो. म्हणजे ज्या पोरांसाठी पहिल्यांदा हो म्हटलं होतं, त्यांनाच बाहेर काढलं. शिफारशीचं पण तसंच, अठराच्या खालचे आणि लॉगिन नसलेले गेले. जाहिराती लावता येतात, पण बरेच जाहिरातदार असल्या व्हिडिओपासून लांब राहतात, त्यामुळं त्या कमी येतात नाहीतर येतच नाहीत.

दोन्ही वेळा आजार एकच होता, पण खुणा वेगळ्या. कमेंटची जागाच गायब, घंटा नाही, एंड स्क्रीन नाही, तर मुलांचं लेबल. कमेंट आहेत पण लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ लागत नाही, तर वयाचं. ही दुसरी तपासणी घरी दोन मिनिटांत होते, लॉगआउट करून स्वतःचाच व्हिडिओ उघडा. आणि स्टुडिओच्या Content यादीत Restrictions नावाचा रकाना असतो, तिथं लेबल लिहिलेलं दिसतं, मग ते तुम्ही लावलेलं असो की युट्यूबनं. युट्यूबनं लावलं असेल तर तुमच्या टिकनं निघत नाही, अपील करावं लागतं. वयाच्या बंधनावर अपील एकदाच करता येतं, म्हणून रागाच्या भरात दोन ओळी लिहून पाठवू नका, कोणत्या मिनिटाला काय आहे आणि ते का आहे हे नीट सांगा.

आमच्या मित्राचं शेवटी असं झालं की त्यानं Not made for kids तसंच ठेवलं, अठराचं बंधन काढलं, आणि स्टुडिओच्याच एडिटरमध्ये फाशीच्या प्रसंगातला दोर आवळतानाचा जवळचा शॉट कापला. नवीन अपलोड करायची गरज नाही लागली, तिथंच कापलं की लिंक, व्ह्यू आणि कमेंट तसेच राहतात. परवा त्यानं मला एक कमेंट वाचून दाखवली, साखर पेठेतल्या एका आजींनी नातवाकडून टाइप करून घेतली होती, त्यांच्या वडिलांनी मार्शल लॉच्या दिवसांत बंद घरातून काय ऐकलं ते लिहिलं होतं. दुसरा भाग आता तिथूनच सुरू करतोय म्हणाला.