उंच कमानीचा पाय आणि बारीक पोटऱ्या: शार्को-मारी-टूथ ओळखायचा कसा

(फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि क्रीडाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)

या आजाराला तीन डॉक्टरांची नावे मिळून एक नाव आहे. १८८६ साली पॅरिसमध्ये शार्को आणि मारी यांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टूथ यांनी त्याचे वर्णन केले. दातांशी त्याचा काही संबंध नाही, हे रुग्णाच्या घरच्यांना आधीच सांगून टाकावे. साधारण अडीच हजारांत एकाला तो असतो असे मानतात, म्हणजे आनुवंशिक मज्जातंतूविकारांत तो दुर्मीळ मुळीच नाही. तरीही ओळखायला वर्षे लागतात, कारण रुग्ण येतो तो पाय मुरगळल्याची, कुरूप झाल्याची किंवा चप्पल पायातून निसटते अशी तक्रार घेऊन. नसांचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

पायाचा आकार असा का होतो, ते आधी पाहू. मज्जातंतू जितका लांब, तितका तो लवकर बिघडतो. म्हणून पहिला फटका तळपायातल्या छोट्या स्नायूंना बसतो आणि बोटे वाकडी होऊन नख्यांसारखी वळतात. पुढे घोटा वर उचलणारा स्नायू आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणारा आखूड स्नायू अशक्त होतात. मात्र त्याच्या शेजारचा लांब स्नायू बराच काळ ताकद टिकवून असतो. तो अंगठ्यामागचे हाड खाली दाबत राहतो, त्याला अडवणारे कुणी उरत नाही आणि कमान उंचावत जाते. पाऊल आत ओढणारा स्नायूही शाबूत असल्याने टाच आत कलते. शरीराचा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर येतो. बुटाची बाहेरची कड झिजते आणि घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. थोडक्यात, कमान जन्मजात हाडांच्या घडणीमुळे उंच होत नाही. अशक्त आणि सशक्त स्नायूंच्या ओढाताणीत वाढत्या वयाबरोबर ती उंचावते.

आता एक नमुना घेऊ. तेरा वर्षांचा मुलगा, वर्षभरात तीनदा उजवा घोटा मुरगळलेला. एक्स-रेत हाड मोडलेले नाही. अशा वेळी क्रेप बँडेज बांधून घरी पाठवणे सोपे असते. त्याऐवजी त्याला अनवाणी उभे करा आणि समोरून पाहा. टाच आत कलली असेल, तर टाचेचा आतला भाग घोट्याच्या आतल्या बाजूने समोरूनच डोकावताना दिसतो. सरळ पायात तो दिसत नाही. मग त्याला टाचांवर दहा पावले चालायला सांगा. चवड्यांवर तो चालेल, टाचांवर मात्र चवडा जमिनीला टेकेल. ही सगळ्यांत स्वस्त आणि बरीच संवेदनशील चाचणी आहे, शाळेच्या मैदानावरही होते. पोटऱ्या बारीक आणि मांड्या भरलेल्या, हा फरक लहान वयात फारसा नसतो. तो दिसेपर्यंत थांबू नये.

यानंतर हातोडी आणि ट्यूनिंग फोर्क. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्ही बाजूंना येत नाही. १२८ हर्ट्झचा फोर्क अंगठ्यावर ठेवला तर थरथर कळत नाही, नडगीवर कळते. गंमत म्हणजे मुलाने मुंग्यांची किंवा बधिरपणाची तक्रार केलेलीच नसते, कारण त्याला वेगळे काही ठाऊकच नसते. मधुमेहात किंवा अलीकडे सुरू झालेल्या आजारात रुग्ण जळजळ, मुंग्या स्वतःहून सांगतो. तपासणीत बरेच बिघडलेले आणि तोंडून तक्रार जवळपास नाही, ही विसंगती आनुवंशिक आजाराची खूण मानावी.

टाच कायमची वाकडी आहे की पुढच्या पायाच्या मागे फरफटते आहे, हे ठोकळ्यावर कळते. अडीच सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा टाचेखाली आणि पायाच्या बाहेरच्या कडेखाली ठेवा. अंगठ्याकडचा भाग ठोकळ्याच्या कडेवरून खाली मोकळा लोंबू द्या. मागून पाहिल्यावर टाच सरळ झाली, तर मागचा सांधा अजून लवचिक आहे आणि दोष अंगठ्याच्या खाली दबलेल्या हाडाचा आहे. इथे एक चूक वारंवार होते. उंच कमान दिसली की कमानीखाली जाड आधार असलेला इनसोल दिला जातो. तो पाऊल आणखी बाहेर ढकलतो आणि मुरगळणे वाढते. पाऊल लवचिक असेल तर उंची बाहेरच्या कडेला हवी आणि अंगठ्यामागच्या हाडाखाली खोबण हवी.

आता वडिलांना पायमोजे काढायला सांगा. ‘घरात कुणाला असा आजार आहे का’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळते. पाय पाहिले की वाकडी बोटे, कुरूपे आणि ‘आमच्या घरात सगळ्यांचे पाय असेच’ हे वाक्य समोर येते. या मुलाच्या बाबतीत तसेच झाले असे समजू. वडिलांकडून मुलाकडे आलेला आजार म्हणजे एक्स गुणसूत्रावरचा प्रकार बाद, कारण मुलाला वडिलांचे एक्स मिळतच नाही. पण वडिलांचे पाय चांगले निघाले म्हणून निदान सोडू नये; काहींमध्ये जनुकातला बदल नव्याने झालेला असतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत, आईवडील दोघेही निरोगी असूनही मुलाला लहानपणीच तीव्र त्रास असेल, तर दोघांकडून एकेक दोष आल्याचा विचार करावा.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगताना हाताच्या नसाही तपासायला सांगा. पायात कधी कधी काहीच सिग्नल मिळत नाही आणि अहवाल निरुपयोगी ठरतो. प्रौढांत हाताच्या मीडियन नसेचा वेग सेकंदाला ५० मीटर किंवा जास्त असतो. ३८ च्या खाली असेल तर नसेवरचे मायलिनचे वेष्टन सदोष आहे असे धरतात. आपल्या मुलाचा वेग २१ आला आणि दोन्ही हातांत, सर्व टप्प्यांत जवळपास तितकाच, तर कोडे बरेचसे सुटले. एका ठिकाणी वेग ठीक आणि दुसऱ्या ठिकाणी अडथळा असेल, तर तो उपचार करता येण्यासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. तो निसटू देऊ नये. हात गार असला तरी वेग कमी येतो, म्हणून त्वचा ३२ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून घ्यावी. वेग सामान्य आणि सिग्नलची उंची लहान, असे आले तर आजार वेष्टनाचा नसून तंतूचाच.

जनुक चाचणीत नेमके काय मागायचे, याला महत्त्व आहे. अशा मंद वेगाच्या रुग्णांत सर्वाधिक आढळते ते सतराव्या गुणसूत्रावरील PMP22 जनुकाची जास्तीची प्रत. १९९१ साली त्या भागाचे हे दुप्पट होणे सापडले. अक्षरे बरोबर आणि प्रत एक जास्त, असा हा दोष असल्याने, फक्त अक्षरे वाचणाऱ्या पॅनेलमध्ये तो निसटू शकतो. अहवाल ‘दोष आढळला नाही’ म्हणून येतो आणि घरचे निश्चिंत होतात. म्हणून आधी प्रती मोजणारी MLPA चाचणी मागावी, ती निगेटिव्ह आली तरच पॅनेल.

आपल्याकडे कुष्ठरोगाशी गल्लत होते, कारण दोन्हींत नसा जाड लागू शकतात आणि पाऊल लुळे पडू शकते. कुष्ठरोगात बहुधा त्वचेवर बधिर चट्टे असतात, दोन्ही बाजू सारख्या बिघडत नाहीत आणि प्रतिक्षिप्त क्रिया बऱ्याचदा टिकून राहतात. शार्को-मारी-टूथमध्ये दोन्ही पाय जवळपास एकसारखे असतात. म्हणूनच कमान एकाच पायाची उंच होत चालली असेल, तर नसांच्या चाचण्यांआधी पाठीच्या कण्याचा एमआरआय करावा.

निदान झाले की ते प्रत्येक केसपेपरवर ठळक लिहून ठेवावे. कर्करोगात दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन या रुग्णांत नसांची गंभीर हानी करू शकते, अगदी थोड्या मात्रेतही. ते औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचे पाय पाहण्याचे काही कारण नसते.