जॉबशीटवरची सही

नमस्कार श्रोतेहो. व्यवसाय कायदा शिकणाऱ्या मुलांना आज मी घणसोलीतल्या एका काकूंच्या गिरणीवर घेऊन जाणार आहे. काकू काल्पनिक आहेत, अडचण मात्र नेहमीची.

काकूंनी ठाण्यातल्या दुकानातून २८,००० रुपयांची पिठाची गिरणी घेतली. घरातच शेजारपाजारच्या चार घरांचं दळण दळायचं, म्हणून. तिसऱ्या आठवड्यापासून दहा मिनिटांत मोटर तापून बंद पडायला लागली. कंपनीचा माणूस दोनदा आला, खुडबुड करून गेला. दुकानदार म्हणतो, "तुम्ही दळणाचे पैसे घेता, म्हणजे धंदा. तुम्ही ग्राहक नाही!"

दुकानदार निम्मं बरोबर बोलतोय. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. १९९५च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक उलगडला. स्वतः मशीन चालवणारा एक-दोन मदतनीस घेऊनही ग्राहकच राहतो. गंमत अशी, की लक्ष्मी इंजिनिअरिंग स्वतः मात्र हरली, कारण तिचा खरेदीमागचा हेतू व्यापारी ठरला. तुर्भ्याच्या मसाला कारखान्याने अशा वीस गिरण्या घेतल्या, तर त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता.

आता खरी मेख. मोटर तापते हे दिसतं, पण का तापते? घरच्या वायरिंगमुळे तापत असेल, तर तो वस्तूतला दोष नव्हे. इथे जॉबशीट, म्हणजे मेकॅनिक काय केलं ते लिहून आपली सही घेतो तो कागद, कामाला येते. पहिल्या खेपेला मेकॅनिकने लिहिलं, "चेक केले, ओके", आणि काकूंनी न वाचता सही केली. उद्या कंपनी नेमका हाच कागद पुढे करणार. दुसऱ्या खेपेला काकू शहाण्या झाल्या. सहीच्या वर लिहिलं, "दहा मिनिटांत मोटर बंद पडली, तक्रार कायम." बाहेरच्या मिस्त्रीकडून मोटर उघडूनही घेतली नाही, नाहीतर "तुम्हीच बिघडवली" हे ऐकावं लागलं असतं. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची आणि अहवाल साधारण ४५ दिवसांत यायला हवा.

तक्रार कुठे करायची? काकू राहतात ठाणे जिल्ह्यात, म्हणून ठाणे जिल्हा आयोगात. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल करण्याची फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं.

मागायचं काय? दोष काढून द्या, नाहीतर बदलून द्या, किंवा व्याजासह पैसे परत, वर नुकसानभरपाई आणि खर्च. काकू बदली गिरणी मागत नाहीत, त्याच कंपनीवर आता भरवसा नाही. त्यांनी पैसेच मागितले, आणि बुडालेल्या दळणाचा हिशेब वहीच्या झेरॉक्ससह जोडला.