अठरा हजार कोटींची खोटी नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

१५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या हिशेबात एक नोंद आली. दोन पत्त्यांवर, म्हणजे इथल्या खात्यांवर, प्रत्येकी सुमारे नऊ हजार दोनशे कोटी बिटकॉइन जमा! दोन्ही मिळून अठरा हजार चारशे कोटींच्या वर. आता या व्यवस्थेचा मूळ नियम असा, की बिटकॉइनची एकूण संख्या दोन कोटी दहा लाखांच्या पुढे कधीच जाणार नाही. एखाद्या बँकेत असं झालं असतं तर मॅनेजरने ती नोंद खोडली असती, चौकशी बसली असती. इथे मॅनेजरच नाही. तरीही दुसऱ्या दिवसापर्यंत ती नोंद वहीतून नाहीशी झाली होती. ती कशी गेली, हे समजलं की ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनची ही हिशेबाची वही, प्रामाणिक कशी राहते तेही समजतं.

आधी वहीबद्दल. ही वही एका ठिकाणी नसते. जगभर हजारो संगणकांवर तिची पूर्ण प्रत असते. अशा संगणकाला नोड म्हणतात. कुणी ‘माझी पाच नाणी याला दिली’ असा व्यवहार पाठवला, की प्रत्येक नोड तो स्वतः तपासतो. सही खरी आहे का, ही नाणी याच्याकडे खरंच आली होती का, आधीच खर्च झाली नाहीत ना, आणि दिलेली रक्कम हातातल्या रकमेपेक्षा जास्त नाही ना. शेजारचा नोड ‘ठीक आहे’ म्हणाला म्हणून कुणी मान डोलावत नाही.

पण एवढ्याने भागत नाही. समजा, माझ्याकडे पाचच नाणी आहेत. ती मी एका दुकानदाराला दिली, आणि त्याच क्षणी तीच पाच नाणी माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवली. दोन्ही व्यवहारांवर माझी सही खरी आहे. अर्ध्या नोडना पहिला आधी मिळाला, अर्ध्यांना दुसरा. आता खरा कुठला? बँक असती तर तिच्या घड्याळाने निकाल लागला असता. सगळ्यांना मान्य होईल असं घड्याळ इथे नाही. खरा पेच सहीचा नव्हताच, तो क्रमाचा होता.

त्यावरचा तोडगा सातोशी नाकामोतो या नावाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. (हे नाव कुणाचं, ते आजही गूढच आहे.) व्यवहारांचा एक गठ्ठा बांधायचा. तो ब्लॉक. त्यात आधीच्या ब्लॉकचा ठसा घालायचा, म्हणजे ब्लॉकची साखळी बनते. ठसा म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ती पार बदलते. म्हणजे जुन्या ब्लॉकमध्ये कुणी ढवळाढवळ केली, की त्याच्या पुढच्या सगळ्या ब्लॉकचे ठसे चुकतात आणि चोरी लगेच उघडी पडते.

मग कुणी पुढचे सगळे ठसे नव्याने काढले तर? तिथे खरी गंमत आहे. नुसता ठसा चालत नाही, तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान असावा लागतो. तसा ठसा मिळवायला ब्लॉकमधला एक आकडा बदलत राहायचं, ठसा काढायचा, बघायचं. नाही जमलं की पुन्हा. युक्ती काही नाही, फक्त प्रयत्न. हे काम म्हणजे जणू खाणीत खणणं, म्हणून ते करणाऱ्यांना मायनर म्हणतात. सगळ्या मायनरनी मिळून सरासरी दहा मिनिटांत एक ब्लॉक सापडावा अशी ती मर्यादा दर २०१६ ब्लॉकनंतर आपोआप बदलते. शोधायला अफाट वीज लागते, पण सापडलेला ठसा बरोबर आहे की नाही हे साधा संगणकही क्षणात सांगतो. ज्याला सापडतो त्याला नवी नाणी मिळतात. २०१० साली ती पन्नास होती, एप्रिल २०२४ पासून सव्वातीनपेक्षा थोडी कमी, म्हणजे ३.१२५ आहेत.

आणि दोघांना एकदमच ब्लॉक सापडून साखळीला दोन फाटे फुटले तर? ज्या साखळीवर जास्त काम झालंय ती खरी, असं प्रत्येक नोड मानतो.

आता माझी लबाडी पुढे चालवून बघू. मी दुकानदाराला पाच नाणी दिली, तो व्यवहार ब्लॉकमध्ये गेला, माल माझ्या हाती आला. आता मी गुपचूप त्या ब्लॉकच्या आधीपासून दुसरा फाटा खणायला बसतो, ज्यात ती नाणी माझ्याकडेच राहतात. सगळ्या मायनरच्या संगणकांची मिळून जी ताकद, तिचा दहावा हिस्सा माझ्याकडे आहे असं धरा. तोवर बाकीच्यांची साखळी पाच ब्लॉक पुढे गेली असेल, तर मी तिला गाठण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. त्या निबंधातच हे गणित मांडलंय. पण माझा हिस्सा तीस टक्के असेल, तर तीच शक्यता सतरा टक्क्यांच्या वर जाते. म्हणून मोठी रक्कम घेणारे लोक सहा-सहा ब्लॉक थांबतात. आणि निम्म्याहून जास्त ताकद माझ्याकडे असेल तर आज ना उद्या मी गाठणारच. ही भीती नुसती कागदावरची नाही. इथेरियम क्लासिक या छोट्या साखळीवर जानेवारी २०१९ मध्ये असाच हल्ला झाला. छोट्या साखळीची अर्धी ताकद भाड्याने मिळवणं फारसं अवघड नसतं. तरीही, बहुमत हाती आलं म्हणून दुसऱ्याची नाणी घेता येत नाहीत. त्याला त्याची सही लागते. आपला व्यवहार मात्र मागे फिरवता येतो.

आता परत ऑगस्ट २०१० कडे. तपासणी इतकी कडक, मग ती नोंद आत आलीच कशी? चूक प्रोग्रॅममध्ये होती. दोन्ही रकमा संगणकाला मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या अगदी काठावर होत्या. एकेक बघितली तर चालणारी. बेरीज मात्र मावेना, म्हणून ती गोल फिरून शून्याच्याही किंचित खाली आली. प्रोग्रॅमने बघितलं, दिलेली रक्कम हातातल्या रकमेपेक्षा कमी आहे, चालेल! सगळे नोड तोच प्रोग्रॅम चालवत होते, त्यामुळे सगळे एकदमच फसले. हजार लोकांनी तपासलं तरी सगळ्यांचा चष्मा एकच असेल, तर ती तपासणी एकाच माणसाची.

ब्लॉक क्रमांक ७४६३८ विचित्र दिसतोय, हे एका प्रोग्रॅमरने चर्चेत लिहिलं. काही तासांत दुरुस्त प्रोग्रॅम आला. पण तो कुणावर लादता येत नव्हता. लोकांनी आपणहून उतरवून घेतला, चालू केला. ज्यांनी घेतला त्यांच्या नोडने तो ब्लॉक नाकारला आणि त्याच्या आधीच्या ब्लॉकपासून नवा फाटा खणायला घेतला. काही काळ दोन साखळ्या शेजारी शेजारी वाढत होत्या. जुन्या प्रोग्रॅमवाले वाईट साखळीवर, नव्या प्रोग्रॅमवाले चांगलीवर. चांगली साखळी मागून निघाली होती, पण ७४६९१ व्या ब्लॉकला तिने दुसरीला मागे टाकलं. त्याबरोबर जुने नोडही आपसूक तिच्याकडे वळले. कारण त्यांना दोन्ही साखळ्या नियमात बसणाऱ्याच दिसत होत्या, आणि जास्त काम जिच्यावर तिला मानायचं, हा नियम त्यांच्यातही होताच.

वाईट साखळीवरचे पन्नासेक ब्लॉक टाकून दिले गेले. ते खणणाऱ्यांनी वीज जाळली होती, लबाडी केली नव्हती. पण प्रत्येक ब्लॉकमागची त्यांची पन्नास नाणीही त्याबरोबर गेली, आणि ती परत मागायला कुठलाही काउंटर नव्हता.