चकती परदेशी, जखम खानापुरात: कायदा कुठला?

नमस्कार मंडळी. समजा, खानापूरचा एक वेल्डर बेळगावच्या दुकानातून ग्राइंडरची कटिंग चकती घेतो. चकती परदेशात बनलेली. काम करताना ती फुटते आणि तुकडा त्याच्या डोळ्यात जातो. भरपाई मागायची तर कायदा कुठला? चकती बनली तिथला, की डोळा गेला तिथला?

'माल बाहेरचा, इथं कोण दाद देणार' म्हणून माणसं गप्प बसतात. मला ते फार लागतं, कारण कायदा तसं म्हणत नाही.

1971 चा एक निकाल ऐका. थॅलिडोमाइड असलेलं औषध इंग्लंडच्या कंपनीनं बनवलं होतं. ते ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये एका बाईनं गरोदरपणी घेतलं आणि मूल व्यंग घेऊन जन्मलं. कंपनी म्हणाली, आम्ही जे केलं ते इंग्लंडात, तुमच्या कोर्टाचा संबंध नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियाची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं सगळा घटनाक्रम पाहून विचारलं: खरी चूक कुठं घडली? आईला धोक्याची सूचना मिळायला हवी होती ती न्यू साउथ वेल्समध्ये. म्हणजे चूक तिथली आणि खटलाही तिथं चालू शकतो.

हाच विचार आपल्या चकतीला लावा. सूचना नाही ती खानापुरात, डोळा गेला तोही खानापुरात. मग भारतीय कायदाच लावावा, ही बाजू भक्कम होते. चकती कोल्हापुरात घेतली असती तरी फरक नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना ग्राहक कायदा एकच.

उलट तोच वेल्डर दुबईत जखमी झाला आणि दावा इथं लावला, तर? भारतात यावर लिखित नियम नाही, म्हणून 1870 चा जुना इंग्लिश निकाल पुढं येतो: ते कृत्य इथल्या कायद्यानंही दाव्यायोग्य हवं आणि तिथल्या कायद्यानं माफ झालेलं नको. इंग्लंडनं 1995 मध्ये बदनामी सोडून बाकी ठिकाणी हा नियम काढून टाकला.

पण कारखाना परदेशात असेल तर पैसे कोणाकडून वसूल करायचे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 86 इथं कामाला येतं. उत्पादक कोण ते माहीत नसेल, त्याला नोटीस पोहोचत नसेल किंवा त्याच्यावर आदेश चालत नसेल, तर विकणारा जबाबदार धरता येतो. आयात करणाराही विक्रेताच समजला जातो. वेल्डर स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकटा काम करणारा असेल तर तो ग्राहक ठरतो आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. मुदत 2 वर्षं.

खरी अडचण कलम 87 ची. वस्तूचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असेल तर विक्रेता सुटतो. त्यामुळे समोरचा वकील पहिल्यांदा विचारणार, गार्ड काढलं होतं का? म्हणून फुटलेले तुकडे फेकू नका. मधल्या धातूच्या कडीवर सहसा मुदतीची तारीख असते आणि लेबलवर फेऱ्यांची मर्यादा. ती कडी, लेबलचे तुकडे, ग्राइंडर गार्डसकट आणि बिल, सगळं एका पिशवीत घालून ठेवा.