थव्याचा ठिपका का होतो?

[दृश्य: संध्याकाळ. ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचा मोठा थवा वळताना.]

हिवाळ्यात महाराष्ट्रात उतरणाऱ्या या भोरड्या. थवा वळतो तेव्हा त्याची एक कड काळीभोर दाट होते आणि दुसरी विरत जाते. पुढच्या वळणावर नेमकं उलटं होतं. पण थवा कितीही दाटला, तरी एक पक्षी दुसऱ्याच्या जागेत शिरत नाही. या चित्रात हेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आता पडद्यावरचे, संगणकानं उडवलेले पक्षी पाहा.

[दृश्य: काळा पडदा, 200 पांढरे त्रिकोण विखुरलेले. हळूहळू ते जवळ येतात, गोळा होतो, मग एकच ठिपका.]

200 पक्षी होते. आता एक दिसतोय. बाकीचे 199 कुठेही गेलेले नाहीत, ते याच ठिपक्यात आहेत.

[दृश्य: तेच पुन्हा, पण पांढऱ्या पडद्यावर, त्रिकोण अर्धपारदर्शक राखाडी.]

पक्षी अर्धपारदर्शक रंगात काढले की गर्दी लगेच लक्षात येते. एकटा पक्षी फिकट दिसतो, एकावर एक चढले की रंग गडद होत जातो. थव्यावर काम करताना पहिला बदल हाच करावा. भरीव रंगात दहा पक्षी आणि एक पक्षी सारखेच दिसतात, आणि चूक ध्यानात यायला उशीर होतो.

[दृश्य: एक पक्षी मोठा करून. त्याच्याभोवती दोन वर्तुळं: आतलं लाल, बाहेरचं निळं.]

संगणकावर थवा उडवण्याचं, क्रेग रेनॉल्ड्स यांनी 1987 मध्ये मांडलेलं हे प्रारूप. त्यात थव्याला कुणी म्होरक्या नसतो. प्रत्येक पक्षी फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहतो आणि तीन गोष्टी करतो. फार जवळ आलेल्यापासून दूर सरकतो, ते सेपरेशन. शेजारी ज्या दिशेला निघालेत ती दिशा धरतो, ते अलाइनमेंट. आणि शेजाऱ्यांच्या मध्याकडे ओढला जातो, ते कोहीजन. इथे लाल वर्तुळ 25 पिक्सेल त्रिज्येचं आहे, सेपरेशन त्याच्या आतच चालतं. निळं वर्तुळ 50 पिक्सेल त्रिज्येचं, बाकीचे दोन नियम तिथपर्यंत पोचतात.

[दृश्य: कोडच्या तीन ओळी.]

```
let sep = this.separate(flock).mult(1.0);
let ali = this.align(flock).mult(1.0);
let coh = this.cohesion(flock).mult(1.5);
```

ठिपका झाला तो या तीन आकड्यांमुळे, म्हणजे नियमांच्या वजनांमुळे. थवा विखुरलेला दिसतो, म्हणून कोहीजन 1.5 केलेलं आहे. सहज सुचणारा उपाय आहे, आणि इथेच घात होतो.

[दृश्य: कडेचा एक पक्षी. त्याला बाहेर ओढणारी लाल रेघ, आत ओढणारी निळी रेघ.]

या रेघा नीट पाहा. पक्षी मध्यापासून 40 पिक्सेलवर असो की 4 पिक्सेलवर, निळ्या रेघेची लांबी तीच राहते. कारण या पद्धतीच्या कोडमध्ये प्रत्येक नियमाचं उत्तर आधी फक्त दिशा म्हणून घेतलं जातं, मग पूर्ण वेगाएवढं ताणलं जातं, आणि शेवटी त्यावर कमाल बलाची मर्यादा लागते. इथे ती 0.05 आहे. सेपरेशन जवळच्या शेजाऱ्याला जास्त महत्त्व देतं खरं, पण त्याचा परिणाम फक्त दिशेवर होतो. जोर मात्र त्याच 0.05 वर अडतो.

म्हणजे शेवटी हिशेब उरतो तो फक्त वजनांचा. बाहेर ढकलणारं बल 0.05, आत ओढणारं 0.05 गुणिले 1.5, म्हणजे 0.075. फरक 0.025, आतल्या बाजूला. आणि हा फरक 20 पिक्सेलवर आहे तेवढाच 2 पिक्सेलवरही आहे. कुठल्याच अंतरावर बाहेरचं बल जिंकत नाही, म्हणून थवा कुठल्याच अंतरावर थांबत नाही.

[दृश्य: दोन वजनांची अदलाबदल. ठिपका फुटतो, पक्षी फुलासारखे उघडतात.]

आता सेपरेशन 1.5, कोहीजन 1.0. लाल वर्तुळाच्या आत आता 0.025 बाहेरच्या बाजूला आहे. वर्तुळाच्या बाहेर सेपरेशन गप्प, फक्त आतली ओढ. आता तोल साधायला जागा मिळाली, लाल वर्तुळाची कड. कोडनं चित्रं काढण्याच्या p5.js आणि Processing या साधनांसोबत येणाऱ्या थव्याच्या उदाहरणात हीच वजनं आहेत: 1.5, 1.0, 1.0.

[दृश्य: सेपरेशन 3.0. थवा उकळत्या पाण्यासारखा थरथरतो.]

मग सेपरेशन वाढवतच नेलं तर? कडेच्या एका बाजूला 0.10 बाहेर, दुसऱ्या बाजूला 0.05 आत. पक्षी कड ओलांडतो, ढकलला जातो, पुन्हा ओढला जातो. ही थरथर दिसली की सेपरेशन कमी करावं.

[दृश्य: सेपरेशन 1.5 वर परत. अलाइनमेंट 0: चिलटांचा घोळका. मग 1.0: थवा वाहू लागतो. मग 4.0: सगळे एका रेषेत ताठ.]

अलाइनमेंटचं काम वेगळं आहे. ते अंतर ठरवत नाही, शेजाऱ्यांच्या वेगातला फरक मिटवतं. शून्यावर ठेवलं तर पक्षी जागच्या जागी घुटमळतात. 1.0 वर थव्याला वाहतेपणा येतो. 4.0 वर मात्र सगळा थवा एका पाटीसारखा सरकतो, त्यात वळण उरत नाही.

[दृश्य: तिन्ही स्लायडर शून्यावर. कोपऱ्यात एक आकडा: सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचं सरासरी अंतर.]

वजनं बसवताना तिन्ही शून्यावर आणावीत. आधी सेपरेशन 1.5. पक्षी सुटे होतात. मग अलाइनमेंट 1.0. आणि कोहीजन सगळ्यांत शेवटी, 0.1 च्या पायरीनं. प्रत्येक पायरीनंतर थोडं थांबून कोपऱ्यातला आकडा पाहावा. थवा एकत्र राहू लागला की पुरे. तो आकडा 25 च्या बराच खाली घसरू लागला, तर एक पायरी मागे यावं. कोहीजन 1.5 ला पोचलं की सेपरेशनची सरशी संपते आणि थवा पुन्हा ठिपक्याकडे निघतो.

रेनॉल्ड्स यांच्या मूळ मांडणीत यावर आणखी एक उपाय आहे. तिथे तिन्ही बलं नुसती बेरजेला घेत नाहीत. टक्कर टाळण्याला आधी हवं तेवढं बल मिळतं, उरलेल्यात बाकीच्यांची वाटणी होते. गर्दी झाली की कोहीजनच्या वाट्याला काही उरतच नाही. ड्रोनच्या ताफ्यात ठिपका म्हणजे थेट टक्कर, तिथे असा अग्रक्रम लागतोच.

[दृश्य: वजनं बरोबर, थवा मोकळा. पण मधोमध एक गडद त्रिकोण तसाच उडतोय.]

वजनं बरोबर असूनही हा एक त्रिकोण गडद का? यात 20 पक्षी आहेत. ते एकाच जागी, एकाच वेगानं जन्माला घातले होते. सेपरेशनच्या ओळीत पाहा, तिथे d म्हणजे शेजाऱ्यापर्यंतचं अंतर.

```
if (d > 0 && d < 25)
```

स्वतःला वगळण्यासाठी ही `d > 0` ची अट आहे. पण अंतर शून्य असलेला शेजारीही तिच्यात वगळला जातो. त्यात इथे सगळ्यांची बलं आधी मोजून मग सगळ्यांना एकदम हलवलं जातं. त्यामुळे विसांनाही दर फ्रेमला तंतोतंत तेच बल मिळतं. वजन कितीही वाढवा, ते सुटत नाहीत.

[दृश्य: अट बदलते, `other !== this && d < 25`. अंतर शून्य असेल तिथे कुठल्याही दिशेला छोटा धक्का.]

स्वतःला ओळखून वगळावं, अंतरावरून नाही. आणि अंतर शून्य निघालं, तर प्रत्येकासाठी वेगळी, कुठलीही एक दिशा निवडून हलकासा धक्का द्यावा.

[दृश्य: गडद त्रिकोण थरारतो आणि त्यातून वीस फिकट पक्षी एकेक करून बाहेर पडतात. निवेदन नाही.]