पंचकोनाची फरशी का बसत नाही : कोपऱ्यावरच्या 360 अंशांचा हिशोब

(शनिवारच्या गणित गप्पांमधलं बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं.)

बसा बसा, पुढे या, टेबलाजवळ जागा आहे. लहान मुलांना पुढे येऊ दे. या टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे पडलेत ते मी काल रात्री बसून कापलेत, सगळ्यांची बाजू 10 सेंटीमीटर. पिवळे त्रिकोण, निळे चौरस, हिरवे षटकोन, आणि लाल आहेत ते पंचकोन. सगळे सुसम, म्हणजे एका आकाराच्या सगळ्या बाजू सारख्या आणि सगळे कोनही सारखे. खेळ एवढाच की एकच रंग घ्यायचा आणि टेबल भरत जायचं, मध्ये फट राहता कामा नये आणि एकावर एक चढताही कामा नये.

पिवळे, निळे, हिरवे बसले बघा, दोन मिनिटांत. हिरव्यांचं तर मधमाशीचं पोळंच झालं. आता लाल घेणारा कोण? ये बाळा तू ये.

(एक मुलगा पंचकोन लावायला घेतो.)

एक ठेवला, दुसरा चिकटवला, तिसराही बसला, आणि आता चौथा काही जात नाही. तो फिरवून बघतोय, उलटा करून बघतोय, तरी नाही. मागून कोणीतरी काका म्हणाले की मॅडम कापताना चुकलं असेल. मला हाच प्रश्न हवा होता, कारण मुद्दा खरंच तिथेच आहे. पुठ्ठा हाताने कापलाय, कात्री इकडेतिकडे जाणारच, मग ही फट माझ्या कात्रीमुळे पडली की पंचकोनामुळेच पडते हे कसं ठरवायचं? हजार पंचकोन जरी लेझरने कापून आणले तरी नुसतं लावून बघून ते ठरणार नाही, कारण कोणीतरी म्हणेलच की तुम्ही दुसऱ्या पद्धतीने लावून बघितलं नाहीत.

म्हणून आता सगळं टेबल विसरा आणि फक्त एका बिंदूकडे बघा, जिथे कोपरे एकत्र येतात तो शिरोबिंदू. त्या बिंदूवर मुंगी बसलीये आणि ती जागच्या जागी गोल फिरतीये असं समजा. एक पूर्ण गिरकी म्हणजे 360 अंश. तिला फिरताना सगळीकडे पुठ्ठाच दिसला पाहिजे, मध्ये टेबल दिसलं की संपलं. म्हणजे त्या बिंदूपाशी आलेल्या सगळ्या कोनांची बेरीज बरोबर 360 यायला हवी. 359 आली तर फट, 361 आली तर एकावर एक चढणार.

आता पंचकोनाचा एक कोन किती? शाळेत सूत्र पाठ केलंय सगळ्यांनी, पण ते बाजूला ठेवा आणि चालून बघा. पंचकोनी मैदानाच्या कडेने तुम्ही चालताय, प्रत्येक कोपऱ्यावर थोडं वळताय, आणि पूर्ण फेरी मारून जिथून निघालात तिथे त्याच दिशेला तोंड करून परत आलात. म्हणजे एकूण वळलात किती, तर एक पूर्ण गिरकी, 360. पाच कोपरे, सगळे सारखे, म्हणून एका कोपऱ्यावर 72 अंशांचं वळण. सरळ गेला असतात तर 180, त्यातून 72 वळलात, आतला कोन राहिला 108. झालं. त्रिकोणाला तसंच वळण 120, आतला कोन 60. चौरस 90. षटकोनाला वळण 60, आतला कोन 120.

आता मोजा. तीन पंचकोन म्हणजे 324. उरले 36. चौथ्याला हवेत 108. तो पोरगा कितीही फिरवत बसला असता तरी 36 मध्ये 108 जाणार नाही. आणि काका, तुमच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं, हे बघा पट्टी लावते. 10 सेंटीमीटरच्या बाजूला 36 अंशांच्या फटीचं तोंड सव्वासहा सेंटीमीटरच्या जरा आतच भरतं. कात्रीची चूक असती तर ती एकेका कोनात अंशभर असती, एक अंश म्हणजे 10 सेंटीमीटरवर दोन मिलिमीटरसुद्धा नाही. हिरव्या षटकोनांमध्ये बघा, आहेच ती तशी बारीक फट, ती माझी आहे. फरशी बसवणारे मिस्त्री असली फट सांध्यात सिमेंट भरून खपवतात. सव्वासहा सेंटीमीटर कशातच खपत नाहीत.

मग बाकीच्या आकारांचं काय? सात बाजू, आठ, शंभर, एकेक तपासत बसायचं का? इथे प्रश्न उलटा धरायचा, मला स्वतःला हा भाग फार आवडतो. किती बाजूंचा आकार चालेल असं विचारायचं नाही, बिंदूवर किती तुकडे येतील असं विचारायचं. तुकडे सगळे सारखे, तर प्रत्येकाचा कोन 360 भागिले तुकडे. दोन तुकडे येऊ शकत नाहीत, कारण मग कोन 180 होईल, म्हणजे कोपराच नाही, सरळ रेघ. तीन आले तर 120, तो षटकोन. चार आले तर 90, चौरस. पाच आले तर 72. सहा आले तर 60, त्रिकोण. सात आले तर कोन 60 पेक्षा कमी लागेल आणि त्रिकोणापेक्षा टोकदार सुसम आकार नसतोच, कारण तीनपेक्षा कमी बाजूंनी काही बंद होत नाही. म्हणजे सातपासून पुढचं सगळं एका फटक्यात गेलं.

राहिला मधला 72. त्रिकोणाचा 60, त्यानंतर लगेच चौरसाचा 90, मध्ये कोणीच नाही, साडेतीन बाजूंचा आकार कुठून आणणार? म्हणून तोही गेला. उरले त्रिकोण, चौरस, षटकोन. बाजू कितीही असू देत, लाखभर का असेनात, सगळ्यांचा निकाल या चार ओळींत लागला.

(मागून प्रश्न : पण कोपऱ्याला कोपरा भिडलाच पाहिजे असं कुठे आहे? विटा बघा, त्या सरकवून लावतात.)

बरोबर, अगदी बरोबर, आणि हे विचारलं नाही तर उत्तर अर्धवट राहतं. भिंतीत खालच्या विटेच्या मध्यावर वरच्या दोन विटांचा सांधा येतो. मग त्या बिंदूवर उभ्या मुंगीला काय दिसेल? अर्ध्या गिरकीत, 180 अंशांत, खालच्या विटेची सरळ बाजू. म्हणजे भरायचे राहिले फक्त 180. त्रिकोण असेल तर तीन बसतात, चौरस असेल तर दोन, म्हणूनच चौरसांच्या ओळी कितीही सरकवा, जमतंच. षटकोनाचा एक बसतो, 60 उरतात, तिथे दुसरा षटकोन जात नाही, म्हणून षटकोन सरकवता येत नाही, तो कोपऱ्याला कोपरा भिडवूनच लावावा लागतो. आणि पंचकोन? 180 मधून 108 गेले, उरले 72, पुन्हा अडकला. पाच किंवा जास्त बाजू असल्या की कोन 108 किंवा त्याहून मोठा, 180 मध्ये एक बसतो आणि दोन कधीच बसत नाहीत. म्हणजे विटांची युक्ती वापरूनही चौथा आकार येत नाही.

आता थोडं वेगळं बघू, दोन रंग मिसळायची परवानगी देऊ. अष्टकोनाचा कोन 135, दोन अष्टकोन 270, उरले 90, तिथे चौरस फिट. जुन्या घरांत पांढऱ्या अष्टकोनी फरशीच्या मध्ये छोटा काळा चौरस असतो ना, तीच ही. तिथे बेरीज जुळली आणि फरशीही जमली.

पण माझ्या लाल पंचकोनांकडे परत या. दोन ठेवा, 216 झाले, उरले 144. दशकोनाचा कोन काढा, वळण 36, आतला कोन 144. बरोब्बर! 108 आणि 108 आणि 144, बेरीज 360, एक अंशही इकडेतिकडे नाही. हे पहिल्यांदा वहीत लिहिलं तेव्हा मी इतकी खूश झाले होते, वाटलं पंचकोनाला शेवटी जोडीदार मिळाला. कापलेत मी दशकोनही, हे पांढरे. लावा. पहिला बिंदू मस्त जुळतो. दुसराही. आता या एकाच पंचकोनाभोवती फिरत जा आणि प्रत्येक बाजूच्या पलीकडे कोण येतंय ते मोठ्याने म्हणा.

दशकोन... पंचकोन... दशकोन... पंचकोन... आणि पाचव्या बाजूला? दशकोन. पण पहिल्या बाजूलाही दशकोनच होता! म्हणजे त्या शेवटच्या कोपऱ्यावर दोन दशकोन आणि आपला एक पंचकोन, 144, 144, 108, बेरीज 396. एकावर एक चढले. दशकोनाच्या जागी तिथे पंचकोन ठेवायला गेलात तर त्याच्या आधीच्या कोपऱ्यावर तीन पंचकोन येतात आणि तीच आपली 36 ची फट पुन्हा उघडते.

हे लावायच्या क्रमामुळे होत नाहीये. पंचकोनाच्या कुठल्याही कोपऱ्यावर तो स्वतः, शेजारी एक पंचकोन आणि एक दशकोन, याशिवाय बेरीज जुळतच नाही. म्हणजे लागोपाठच्या दोन बाजूंना वेगवेगळे शेजारी यायलाच हवेत, एक आड एक. आणि बाजू आहेत पाच. पाच जणांना गोल बसवून एक आड एक लाल-पांढऱ्या टोप्या घाला बघू, शेवटच्याची टोपी शेजारच्यासारखीच होणार, कारण पाच विषम आहे. विटांसारखं सरकवूनही सुटका नाही, 108 नंतर 72 उरतात आणि 144 नंतर 36, त्यात काहीच बसत नाही.

म्हणजे बिंदूवर बेरीज जुळली नाही तर फरशी नक्की बसत नाही, पण बेरीज जुळली की बसेलच असं मात्र नाही. त्रिकोण, चौरस, षटकोन यांच्या बाबतीतही मी मघाशी जरा घाईच केली, 360 झाले एवढ्यावर सोडून दिलं, तर ते आत्ता पूर्ण करते. चौरसांची ओळ लावा, तिच्यावर तशीच ओळ ठेवत जा, कुठे थांबायची वेळ येत नाही. दोन त्रिकोण जोडून तिरका चौकोन होतो, त्याच्याही ओळी होतात. षटकोनांची प्रत्येक पुढची ओळ अर्ध्या षटकोनाने सरकवायची, वरच्या दातांत खालचे दात बसतात. एकदा ओळ सापडली की कितीही लांब जाता येतं.

केप्लर, तोच ग्रहांचे नियम सांगणारा, त्याने 1619 सालच्या आपल्या पुस्तकात हे सगळे आकार जुळवून बघितलेत. पंचकोन आणि दशकोन त्यानेही लावून बघितले. नुसते हे दोन पुरत नाहीत म्हटल्यावर त्याने मध्ये पाच टोकांचे तारे घेतले, आणि तरीही काही ठिकाणी दोन दशकोन एकमेकांत घुसलेले तसेच जोडून काढले. ते चित्र मी मोठं करून आणलंय, मागच्या भिंतीवर लावलंय. जाताना ताऱ्याचं एक टोक मोजून बघा, ते नेमकं 36 अंशांचं आहे, आपल्या लाल पुठ्ठ्यांमध्ये राहिलेली फट होती तेवढंच.